गरम हवेखाली वीत्स्के

वीत्स्के होकेमाला थांबता येत नाही, हे हार्लिंगनच्या बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्या आधी तिचं तिला ठाऊक होतं. ती जन्मलीच महिनाभर आधी. आई सांगायची, ही पोरगी दाईसाठीसुद्धा थांबली नाही. लग्न ठरवायला तिला एक नाच पुरला. डाउवे बिचारा अजून तिचं नाव नीट लक्षात ठेवत होता, तोवर हिने त्याच्या आईला कोणता केक आवडतो ते विचारून घेतलं होतं. कॉफी ती उकळती प्यायची आणि मग दिवसभर भाजलेली जीभ दातांवर घासत बसायची. हे सगळं ती स्वतःच गिऱ्हाइकांना रंगवून सांगायची आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायची.

अशा बाईने केस रंगवायचा धंदा का धरावा, हे कोडंच होतं. त्या धंद्यात निम्मं काम लावण्याचं आणि निम्मं थांबण्याचं. लावण्यात वीत्स्केचा हात धरणारं कुणी नव्हतं. ब्रश असा चालायचा की बटेमागून बट कधी उलटली ते कळत नसे. पण लावून झालं की रंगाला त्याचा वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ वीत्स्केच्या अंगावर यायचा. ती काउंटर पुसायची, पुसलेलं काउंटर परत पुसायची, गिऱ्हाइकाच्या नातवंडांची चौकशी करायची आणि उत्तर संपायच्या आत पुढच्या नातवंडावर जायची.

म्हणून तिचा जीव हूडवर होता. घराच्या पुढच्या खोलीत तिचं सलून होतं, आणि खिडकीशी तो फिक्या हिरव्या रंगाचा मोठा ड्रायर, डोक्यावर घंटेसारखा उतरणारा. कुठल्यातरी बंद पडलेल्या सलूनमधून तिने तो आणला होता. तिने त्याचं नाव ठेवलं होतं आत्या, कारण तोही डोक्यावर येऊन बसतो, कानात गरम हवा सोडतो आणि त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येत नाही. आत्याखाली बसलेल्या बायका आपण कुजबुजतोय अशा समजुतीत ओरडून बोलायच्या, आणि बंदरातल्या किती घरांची गुपितं त्या खिडकीतून रस्त्यावर गेली, याचा हिशेब नाही.

हूड वापरायचा कसा, हे मात्र वीत्स्केला चोख माहीत होतं. त्यात चेष्टा नव्हती. समुद्राकाठच्या म्हाताऱ्यांचे पांढरे केस म्हणजे तारा. रंग वरून ओघळून जातो, आत शिरायला मागत नाही. तिथे ऊब कामाची. रंग लावायचा, वर प्लास्टिकची टोपी घट्ट बसवायची, कडेने कापूस, आणि मग मध्यम आचेवर हूड. उबेने केसाचं वरचं आवरण सैल पडतं आणि रंगाचं काम झपाट्याने होतं; एरवी लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. टोपी हवीच, कारण रंग ओला आहे तोवरच चालतो. वाळला की संपला, मग तो केसावर बसलेला नुसता चिखल. मधेच एक बट पुसून बघायची, पुरेसं झालं की हूड वर उचलायचा, डोकं थोडं निवू द्यायचं आणि मग धुवायचं. ब्लीचला मात्र गरम हवा अजिबात नाही. ते फुगतं, पसरतं, टाळू भाजतं आणि केस तुटून हातात येतात. आणि आधी ब्लीच झालेल्या केसांवर राखाडी छटेचा रंग लावायचा असेल, तर तिथे साध्या कोमट हवेचीही गरज नाही, कारण ते केस स्पंज झालेले असतात. समोर येईल ते पितात, आणि ऊब मिळाली तर प्रमाणाबाहेर पितात. हे ती डोळे मिटून सांगायची. सांगायला तिला कधीच वेळ लागायचा नाही.

त्या वर्षी नाताळच्या आधी डॉक्टरने तिच्या पायांच्या शिरा बघितल्या आणि मान हलवली. दिवसभर उभं राहायचं आता बंद करा, म्हणाला, नाहीतर शिरा फुटतील आणि मग उभंच राहता येणार नाही. वीत्स्केने त्याला विचारलं, केस कापायला मी झोपू का? पण घरी येताना ती आपल्या पायांकडे बघत चालली. सोळाव्या वर्षापासून ती उभी होती, आणि बसून करण्यासारखं तिला काहीच येत नव्हतं.

म्हणून लेउवार्डनच्या केशकलेच्या शाळेत रंग शिकवायला माणूस हवाय, असं कानावर आलं तेव्हा तिला ती जागा आपल्यासाठीच रिकामी झाली असं वाटलं. शिकवताना खुर्ची मिळते. बोलायला मिळतं. आणि मुली काम करतात, आपण फक्त बघायचं. अर्ज तिने त्याच दिवशी टाकला. मुख्याध्यापक हाइत्स्मा यांनी बोलावून घेतलं, आणि शेवटी दोघीजणी उरल्या. दोघींनी एकाच सोमवारी दुपारी मुलींसमोर एकेक तास घ्यायचा होता. विषय दोघींना एकच: गरम हवा आणि रंग, कधी वापरायची आणि कधी नाही.

दुसरी होती आक्के बाउमा, शेजारच्या फ्रानेकर गावची. केशकला शिकताना वीत्स्केच्याच वर्गात होती. तेव्हापासून वीत्स्के तिला गोगलगाय म्हणायची, तोंडावर, आणि पाठीमागे त्याहून वाईट. आक्केचं सगळंच सावकाश. एका डोक्याला ती रंग लावायची तेवढ्यात वीत्स्के तिघींना मोकळं करायची. वर्गात एकदा आक्के एका बटेकडे एवढा वेळ बघत उभी राहिली होती की वीत्स्केने तिच्या खांद्यावर टॉवेल वाळत घातला. सगळा वर्ग हसला होता. आक्के नुसती म्हणाली होती, "काढ तो, ओला आहे." आता फ्रानेकरला तिच्या सलूनमध्ये गिऱ्हाईक विरळ झालं होतं, तिलाही ही जागा हवी होती, हे वीत्स्केला माहीत होतं. पण आक्केने तास घ्यायचा म्हणजे पहिलं वाक्य पूर्ण होईस्तोवर मुलींना नोकऱ्या लागतील, असं ती डाउवेला म्हणाली आणि स्वतःच्या विनोदावर खूश झाली.

रविवारी सकाळी तिने आरशात बघितलं. मुळाशी दोन बोटं पांढरं-करडं आलेलं. पुढे कपाळावर उन्हाळ्यात घातलेल्या ब्लीचच्या बटा, आता पिवळट पडलेल्या. रंग शिकवायला निघालेल्या बाईचं डोकं असं कसं चालेल? मुळांपासून टोकांपर्यंत एकच थंड राखाडी-तपकिरी छटा करावी, असं तिच्या मनाने घेतलं. हाइत्स्मांनी डोक्याकडे बघितलं की अर्धा तास तिथेच जिंकला.

डाउवे मागच्या खोलीत टीव्हीवर स्केटिंग बघत होता. जानेवारीची थंडी होती. रविवारी पुढच्या खोलीत हीटर लावायचा नाही हा घरचा नियम, त्यामुळे सलूनमध्ये श्वासाची वाफ दिसत होती. वीत्स्केने रंग कालवला, मुळांना लावला, आणि वेळ कशाला घालवायचा म्हणून तोच रंग त्याच हाताने पुढच्या ब्लीचवाल्या बटांवरूनही टोकापर्यंत ओढला. मग प्लास्टिकच्या टोप्यांचा डबा उघडला. रिकामा. शनिवारी शेवटची टोपी तिने एका बाईला घरी न्यायला दिली होती, पाऊस होता म्हणून. दुकानं बंद. स्वयंपाकघरात पावाची पिशवी होती, पण पिशवीत पाव होता, आणि पाव बाहेर काढून ठेवायचा म्हणजे आणखी एक काम.

थोड्याच वेळाचा प्रश्न आहे, ती मनाशी म्हणाली, आणि उघड्या डोक्याने आत्याखाली बसली. खोली गार होती म्हणून बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. गरम हवा मानेवरून उतरली आणि इतकं बरं वाटलं की तिने डोळे मिटले. मग वेळ फुकट नको म्हणून उद्याच्या तासाची उजळणी सुरू केली, मोठ्याने, कारण हूडखाली स्वतःचं स्वतःलाही ऐकू येत नाही.

"मुलींनो," ती ओरडून म्हणाली, "उघड्या डोक्यावर गरम हवा कधीही सोडायची नाही. रंग वाळतो. वाळला की काम थांबतं. आणि ब्लीच झालेल्या केसांना राखाडी रंग लावून हूडखाली बसवणारी बाई एक तर शिकाऊ असते, नाहीतर मूर्ख."

हे वाक्य तिला इतकं आवडलं की तिने ते पुन्हा म्हणून बघितलं, "मूर्ख"वर जरा जास्त जोर देऊन. मग शेवटचा विनोद जुळवला, मग हाइत्स्मा काय विचारतील आणि आपण काय उत्तर देऊ, ते दोघांच्याही आवाजात म्हणून झालं. टाळूला चुरचुरायला लागलं तेव्हा कुठे ती उठली.

धुवून, पुसून, आरशासमोर आली आणि तशीच उभी राहिली.

मुळांशी, जिथे तिचे अजून काळसर उरलेले केस होते, तिथे हवेच्या आगीमुळे रंगात कालवलेल्या डेव्हलपरने, केस उजळवणाऱ्या त्या द्रवाने, घाईघाईत उजळवण्याचं तेवढं काम उरकलं होतं आणि रंग भरायचं सोडून दिलं होतं, म्हणून नुसतं नारिंगी गाजर. डोक्याच्या मध्यावर, जिथे हवा थेट आदळत होती, रंग वाळून कोरडा पडला होता आणि पांढरे केस जसेच्या तसे, चकाकत. आणि पुढच्या ब्लीचवाल्या बटांनी राखाडी रंग पोटभर पिऊन घेतला होता. त्या हिरव्या झाल्या होत्या. बंदराच्या भिंतीवर ओहोटीला दिसतो, तो हिरवा.

डाउवे दारात आला. त्याने बघितलं. तो सत्तावीस वर्षं तिचा नवरा होता, त्यामुळे हसला नाही.

"तू मला हाक का नाही मारलीस?" वीत्स्के म्हणाली.

"तू आत ओरडून सांगत होतीस ना, असं करायचं नाही म्हणून," तो म्हणाला. "मला वाटलं, म्हणजे करत नसशील."

वीत्स्के आधी हसली, मग खुर्चीवर बसली आणि रडली, आणि रडता रडता आरशात दिसल्यावर पुन्हा हसू आलं. लगेच दुसरा रंग वर चढवावा, हूड लावून झटपट, असं तिचे हात म्हणत होते. पहिल्यांदा तिला आपल्या हातांची भीती वाटली. हे डोकं सुधारायला थांबता येणारा माणूस हवा होता, आणि असा एकच माणूस तिला ठाऊक होता.

फोन करायला तिने संध्याकाळ केली. आक्केने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, टाळू दुखतेय का? फोड आलेत? नाही म्हटल्यावर म्हणाली, आता त्याला हात लावू नकोस, सकाळी पहिल्या गाडीने ये.

सोमवारी सगळ्या देशातली सलून बंद असतात. गाडीत वीत्स्के डोक्याला रुमाल घट्ट बांधून बसली होती. समोरच्या बाईने सहानुभूतीने विचारलं, आजारी आहात का? वीत्स्के म्हणाली, हो, जन्मापासून.

फ्रानेकरच्या बंद सलूनमध्ये आक्केने रुमाल सोडला आणि बघत राहिली. इतका वेळ बघितलं की वीत्स्केला शाळेतला टॉवेल आठवला आणि तिचे कान तापले. टोमणा येईल, आता येईल, म्हणून ती तयारीत बसली होती. आपणच हा टोमणा किती छान मारला असता, याचाही विचार करून झाला.

"टोपी नव्हती?" आक्केने विचारलं.

"पिशवी होती. तिच्यात पाव होता."

आक्केने मान डोलावली, जणू हे कारण तिला पटलं. पण कामाला हात लावला नाही. आधी मागच्या बाजूची एक बारीक बट घेतली, एक हिरवी, एक नारिंगी, तिन्हींवर थोडा थोडा रंग लावून बघितला आणि कॉफी केली. कॉफीबरोबर एकच बिस्किट आणि मग डबा बंद, तिकडच्या रीतीने. वीत्स्के घड्याळाकडे बघत होती. शाळेत दुपारी पोहोचायचं होतं, आणि इथे तीन बटांची वाट बघत दोघी बायका कॉफी पीत बसल्या होत्या. तिने तीनदा तोंड उघडलं. आक्केने तीनदा बिस्किटांचा डबा पुढे केला, पण उघडला नाही.

मग आक्केने ते डोकं तीन वेगळ्या माणसांचं असावं तसं हाताळलं. आधी कोमट पाण्याने, जोरकस शाम्पूने धुवून कालचा बसलेला थोडा राखाडी सैल केला. मग डोक्याच्या मध्यावरच्या हट्टी पांढऱ्या केसांना रंग लावला, तेवढ्याच भागावर, आणि बाकीच्या बटा बाजूला घेऊन ओल्या कापसाने वेगळ्या ठेवल्या. वर प्लास्टिक. आणि मग कपाटातून एक विजेची गरम टोपी काढली, आतून मऊ, उशीसारखी, आणि सगळ्यात कमी उबेवर ती मध्यावर ठेवली.

वीत्स्के जागच्या जागी उडाली. "अगं, गरम? पुन्हा?"

"पांढऱ्याला ऊब लागते," आक्के म्हणाली. "तूच शिकवणार आहेस ना दुपारी?"

एवढंच. वीत्स्केने पाठ खुर्चीला टेकली. टोपीची ऊब होती की नाही, तेच कळत नव्हतं. आत्याखालच्या वादळापुढे हा म्हणजे मांजर डोक्यावर झोपल्याचा अनुभव होता. आक्केने मधेच प्लास्टिक उचललं, एक केस पुसून बघितला, परत झाकलं. मग टोपी काढली आणि डोकं निवेपर्यंत पुन्हा नुसतं उभं राहणं. त्या भागाचं धुवून झाल्यावर गाजरावर निळसर झाक असलेला सौम्य रंग, सगळ्यात हलक्या डेव्हलपरमध्ये कालवलेला, ऊब न देता. आणि पुढच्या हिरव्यावर आक्केने तांबूस-सोनेरी रंग घेतला. हिरव्याला लालसरपणाच मारतो, हे वीत्स्केलाही माहीत होतं. पण तिने तो भसकन थापला असता. आक्के ब्रशने लावत होती आणि प्रत्येक बटेपाशी थांबत होती, कारण ते केस काय पितील ते त्यांनाच विचारावं लागतं. टाळूला खोलीची हवा गार लागत होती. काहीच घडत नसल्यासारखं वाटत होतं, आणि तरी आरशात हिरवं हळूहळू ओसरत होतं.

वीत्स्के त्या खुर्चीत इतका वेळ बसली, जितका वेळ ती आयुष्यात कुठेच बसली नव्हती, चर्चमध्येसुद्धा. आणि बसल्या बसल्या तिला दिसलं की आक्के मंद नव्हतीच कधी. आक्के बघत असायची. एवढी वर्षं हसताना आपण तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला मनापासून लाज वाटली. ती लाज तिने विनोदात गुंडाळायचा प्रयत्न केला, पण विनोद सुचला नाही.

शेवटी केस वाळवले तेव्हा आरशात थंड, खोल, एकसारखी राखाडी-तपकिरी छटा होती. रविवारी तिने मनात धरली होती तीच.

"आक्के, हे तू माझ्यासाठी का केलंस?" ती म्हणाली. "तुलाही हवीय ना ती जागा?"

"हिरवं डोकं घेऊन कुणी तास घेऊ नये," आक्के ब्रश धूत म्हणाली. "चल, गाडी चुकेल." वीत्स्केला गाडी चुकेल म्हणून हाकलण्याची पाळी आक्केवर येणं, हे त्या दिवसातलं आणखी एक आश्चर्य होतं.

शाळेत पहिला तास वीत्स्केचा होता. मुली दोन रांगांत, हाइत्स्मा खिडकीशी, आणि सगळ्यात मागे आक्के, मांडीवर पर्स उभी धरून. वीत्स्के खुर्चीत बसली आणि बोलायला लागली, आणि बोलण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, हे तिला माहीतच होतं. टोपी का हवी, पांढऱ्याला ऊब का लागते, ब्लीचला का चालत नाही, रंग वाळला की काय होतं. मुली हसत होत्या आणि लिहून घेत होत्या. उघड्या डोक्याचं ते वाक्य आलं तेव्हा "मूर्ख"वर तिने जोर दिला नाही. तो शब्दच गाळला. खुर्ची पाठीला छान लागत होती. पाय दुखत नव्हते. ही जागा आपली आहे, असं तिला आतून वाटायला लागलं.

तास संपल्यावर हाइत्स्मा पुढे आले. त्यांनी तिच्या डोक्याभोवती एक फेरी मारली, पुढची एक बट बोटांवर घेऊन उजेडाकडे धरली.

"इथे आधी ब्लीच होतं," ते म्हणाले. "आणि त्यावर असा थंड रंग, एवढा एकसारखा. हिरव्याचा मागमूस नाही. मुलींनो, हे बघून ठेवा. होकेमाबाई, मी बोलण्यापेक्षा हात बघतो. माझ्या दृष्टीने प्रश्न मिटलाच. हे तुम्ही कसं केलंत?"

"हो" म्हणणं फार सोपं होतं. खरं तर "हो"सुद्धा म्हणायची गरज नव्हती. कसं केलं ते सांगायचं होतं, आणि ते तिला सगळं माहीत होतं, सकाळभर बसून बघितलेलं. पायांच्या शिरा, डॉक्टर, ती खुर्ची, सगळं तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं. तिने मागे बघितलं. आक्के पर्सच्या कडीकडे बघत होती. ती वर बघणार नाही, हे वीत्स्केला कळलं. काही बोलणारही नाही. वीत्स्के होकेमा थांबली. वर्गातल्या मुलींना वाटलं की बाई विनोदाआधीची उसंत घेतायत, आणि त्या हसायच्या तयारीत राहिल्या.

"हे मी नाही केलं," ती म्हणाली. "मी केलं होतं ते काल. ते गाजर होतं, मधे पांढरं आणि पुढे हिरवं. टोपी न घालता, हूड पार शेवटपर्यंत चढवून, आणि वर तुम्हाला आत्ता सांगितलेलं सगळं मोठ्याने पाठ करत. हे डोकं त्या मागे बसल्यात त्यांनी आज सकाळी दुरुस्त केलं. आक्के बाउमा. मला फक्त सांगता येतं. त्यांना थांबता येतं."

मुली हसल्या, पोट धरून हसल्या, आणि वीत्स्केने त्यांना हसू दिलं. एवढं तरी तिला जमत होतं. हाइत्स्मा हसले नाहीत. त्यांनी बट खाली सोडली आणि मागच्या बाकाकडे बघितलं.

आक्केचा तास वीत्स्केने सांगितला होता तसाच झाला. लांब, शांत, मधे मोठ्या मोठ्या फटी. पण तिने एका मुलीच्या डोक्यावर रंग लावला आणि सगळ्या वर्गाला बट पुसून बघायला लावलं, झाली का, नाही, आता, नाही, अजून नाही. मुली पुढे वाकल्या होत्या. शेवटच्या वेळी बट पुसली तेव्हा कुणी तरी आपोआप म्हणालं, आता झाली. आणि आक्केने मान डोलावली.

जागा आक्केला मिळाली. हाइत्स्मांनी त्याच दिवशी सांगितलं, दोघींसमोर, आणि वीत्स्केचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. वीत्स्के अभिनंदन करून बाथरूममध्ये गेली, पाण्याचा नळ सोडून रडली, तोंड पुसलं, केसांना मुळीच धक्का न लावता, आणि बाहेर आली.

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. बाहेर गवतावर पांढरं बर्फ होतं आणि कालवे गोठले होते. आक्केने पर्समधून दोन सफरचंदं काढली. वीत्स्के बोलत राहिली, शाळेतल्या खुर्च्यांबद्दल, हाइत्स्मांच्या मिशीबद्दल, त्या पुढच्या रांगेतल्या मुलीने कानात घातलेल्या त्या भयंकर वस्तूंबद्दल. आक्के सफरचंद खात ऐकत होती. फ्रानेकर आलं तशी ती उठली, कोटाची बटणं लावली, आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"तू बोलली नसतीस," ती मागे न वळता म्हणाली, "तर मीही बोलले नसते."

दार उघडलं आणि ती उतरली. गाडी सुटली, फलाट मागे गेला. आपण खोटं बोललो असतो तर ती जागा आक्केने आपल्याला देऊन टाकली असती, गप्प बसून, हे वीत्स्केला कळलं, आणि हार्लिंगन येईपर्यंत ती नुसती बसून राहिली.

डाउवेने दार उघडलं. त्याने आधी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काय झालं ते त्याला कळलं, म्हणून जागेबद्दल विचारलं नाही. कोट घेतला, खुर्ची ओढली, तिचे पाय उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवले. वसंतापर्यंत काहीतरी बघू, म्हणाला, उंच स्टूलवर बसून कापता येतं का ते बघू. मग दिव्याखाली तिच्या डोक्याकडे बघत राहिला.

"छान झालाय गं रंग," तो म्हणाला.

"आक्केने केलाय," वीत्स्के म्हणाली. दुसऱ्यांदा सांगताना तेवढा त्रास झाला नाही.